चौथ्या तारेचा हिशेब



आपल्या घरावरून जाणाऱ्या विजेच्या खांबाकडे एकवार नीट पाहिले तर त्यावर चार मुख्य तारा दिसतील. कुठे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी पाचवीही असते, पण तिचा विचार आज नको. चारांपैकी तीन तारांना 'फेज' म्हणतात. लाल, पिवळी आणि निळी ही त्यांची ओळखीची नावे. चौथी तार ती न्यूट्रल. पहिल्या तिघींविषयी लोकांना धाक असतो, चौथीविषयी मात्र एक प्रकारची बेफिकिरी असते. 'तिच्यात काही नसते' असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यांत वायरिंगची कामे करणारेही होते. तिच्यात काय असते, किती असते, आणि ती निखळली म्हणजे एका गल्लीत काय घडते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

तत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. १८८२ च्या सुमारास अमेरिकेत एडिसन आणि इंग्लंडमध्ये हॉपकिन्सन यांनी स्वतंत्रपणे तीन तारांची पद्धत काढली. त्या काळची वीज एकाच दिशेने वाहणारी होती. दोन बाजूंच्या दोन तारा आणि मधली एक सामाईक तार, अशी ती रचना. एका बाजूच्या घरांनी ५० अँपियर घेतले व दुसऱ्या बाजूच्या घरांनी ३०, तर मधल्या तारेतून फक्त फरकाचे २० अँपियर वाहत. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की मधली तार रिकामी. म्हणजे मधली तार ही शिलकेची तार होय. दोन्ही पक्षांचे आपसांत मिटल्यावर जे उरते, ते तिने वाहून न्यावयाचे.

आपल्या आजच्या चार तारांच्या पद्धतीतही न्यूट्रलचे काम हेच आहे. फक्त येथे पक्ष दोन नसून तीन आहेत, आणि त्यांचे प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठीत नाहीत. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, अशा त्या एकेक-तृतीयांश फेऱ्याच्या अंतराने चालतात. म्हणून त्यांची बेरीज-वजाबाकी साध्या अंकांची होत नाही. ती दिशांची होते.

यासाठी मी नेहमी एक चित्र डोळ्यांपुढे आणतो. अंगणात एक लोखंडी कडे ठेवले आहे. त्याला तीन दोर बांधले असून तीन गडी तीन दिशांना, सारख्या अंतरावर उभे राहून ते ओढीत आहेत. तिघांचा जोर सारखा असेल तर कडे जागच्या जागी राहील. एकाचा जोर वाढला की कडे त्याच्याकडे सरकू पाहील. त्याला सरकू द्यावयाचे नसेल तर कड्यातून जमिनीत एक खुंटी ठोकली पाहिजे. तीन गडी म्हणजे तीन फेजा, त्यांचा जोर म्हणजे त्यांच्यावरील भार, कडे म्हणजे घराघरांतील न्यूट्रलचा बिंदू, आणि खुंटी म्हणजे तो बिंदू ट्रान्सफॉर्मरशी बांधून ठेवणारी चौथी तार. गडी आणि कडे यांमधले अंतर म्हणजे त्या फेजवरील घरांना मिळणारा दाब. हे चित्र मनात ठेवावे. पुढे जे काही सांगणार आहे ते सारे कड्याच्या सरकण्याविषयी आहे.

आता एक प्रत्यक्ष गल्ली घेऊ. उत्तरेकडील एका कसब्यात मी नोकरीच्या आरंभी होतो, त्या वेळची ही गोष्ट. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यापासून निघालेली ३०० मीटर लांबीची एक गल्ली, आणि गल्लीत बहुतेक एकफेजी जोडण्या. संध्याकाळी लाल फेजवर ७० अँपियर, पिवळीवर ४० आणि निळीवर २५ असा भार असे. हे असे का झाले होते, याचे उत्तर फार साधे होते. लाल तार खांबावर शिडीला सर्वांत जवळ पडे, आणि नवी जोडणी देणारा माणूस बहुधा तिलाच हात घाली.

शिलक काढण्याची एक सोपी रीत आहे. तिन्ही फेजांवर २५ अँपियर तरी आहेतच. तेवढा भाग समतोल असल्याने आपसांत मिटतो. तो बाजूला काढला की लालवर ४५, पिवळीवर १५ आणि निळीवर शून्य उरते. या दोहोंची दिशांसह बेरीज करावयाची तर ४५ चा वर्ग, अधिक १५ चा वर्ग, वजा दोहोंचा गुणाकार, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ. उत्तर सुमारे ४० अँपियर. म्हणजे ज्या तारेत 'काही नसते' त्या तारेतून पिवळ्या फेजइतकाच प्रवाह वाहत होता.

त्यात भर म्हणजे ही तार बारीक होती. उघड्या तारांना प्राण्यांची नावे देण्याची इंग्रजी परंपरा आपल्याकडेही टिकली आहे. त्या गल्लीत फेजच्या तारा 'वीझल' जातीच्या होत्या आणि न्यूट्रल 'स्क्विरल', म्हणजे खार. न्यूट्रलला काम कमी, म्हणून तार बारीक चालेल, हा काटकसरीचा हिशेब त्यामागे होता. वीझलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९३ ओहम असतो, खारीचा सुमारे १.३९. तीनशे मीटरला अनुक्रमे ०.२८ व ०.४२ ओहम झाले.

ट्रान्सफॉर्मरपाशी दाब २४० व्होल्ट धरू, आणि हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून सारा भार गल्लीच्या टोकाशी एकवटला आहे असे मानू. लाल तारेत ७० अँपियर वाहतात, तेव्हा तिच्यात सुमारे २० व्होल्ट खर्ची पडतात. पण घराचा दाब दोन तारांमधला असतो. परतीची तारही आपला वाटा घेते. न्यूट्रलमध्ये ४० अँपियर गुणिले ०.४२ ओहम, म्हणजे जवळजवळ १७ व्होल्ट पडतात. खुंटी आहे, पण ती पोलादी नाही, लवते. कडे १७ व्होल्टांनी लाल फेजच्या बाजूस सरकलेले असते.

याचा परिणाम टोकाच्या घरांत असा होतो. लाल फेजवर २०५ व्होल्ट, पिवळीवर २३२ आणि निळीवर २४६. या तिसऱ्या आकड्याशी थोडे थांबावे. ट्रान्सफॉर्मरपाशी २४० असताना तीनशे मीटर दूरच्या घरात २४६ कसे? तारेतून जाताना दाब कमी व्हावयाचा, वाढावयाचा कसा? माझ्या एका सहकाऱ्याने मीटर बिघडला असे समजून तो बदलून आणला होता! मीटर बिघडलेला नव्हता. कडे लालकडे सरकले तेव्हा ते निळ्या गड्यापासून दूर गेले. निळ्या तारेत पडणारे ७ व्होल्ट वजा होऊनही सरकण्याचा लाभ अधिक ठरला. हलक्या फेजचा दाब टोकाशी चढलेला दिसला की न्यूट्रलमध्ये मोठा प्रवाह आहे हे समजून घ्यावे. इतकी खात्रीची दुसरी खूण मला ठाऊक नाही.

ग्राहकाला घोषित दाबाच्या सहा टक्के वर किंवा खाली, एवढ्याच मर्यादेत वीज मिळावी, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्यासाठी सांगितले होते. २३० व्होल्टांना ही मर्यादा २१६ ते २४४ होते. आमच्या गल्लीत लाल फेज तिच्या खाली होती आणि निळी तिच्या वर, एकाच खांबावर, एकाच वेळी.

येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. लाल फेजवरील लोकांनी दिवे मिणमिणतात म्हणून तक्रार केली. टोकाच्या घरात एक शिंपी राहत असे. त्याला रात्री काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नसे, आणि लग्नसराईत त्याचे रात्रीचेच काम असे. मी काय केले? ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा बंद करून त्याची टॅप एक पायरी वर घेतली. एक पायरी म्हणजे अडीच टक्के, सहा व्होल्ट. शिंप्याला २०५ चे २११ मिळाले, म्हणजे मर्यादेच्या आत तो आलाच नाही. पण निळ्या फेजचे २४६ होते, ते २५२ झाले. पंधरवड्याने त्या बाजूचे लोक वारंवार दिवे उडतात असे सांगत आले. टॅप तिन्ही गड्यांना सारखेच मागे सरकवते. कड्याचे वाकडे बसणे तिने सुधारत नाही. तोच १३५ अँपियरचा एकूण भार तिन्ही फेजांवर ४५-४५ असा वाटला असता तर न्यूट्रल रिकामी राहिली असती आणि टॅपला हात न लावता सर्वांना २२७ व्होल्ट मिळाले असते.

असमतोलाची किंमत पैशांतही मोजता येते. ४५-४५ असताना तारांमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे १.७ किलोवॅट वाया जातात. ७०, ४० व २५ असताना तेच नुकसान सुमारे २.६५ किलोवॅट होते, आणि त्यात एकट्या न्यूट्रलचा वाटा ०.६६ असतो. घरांनी घेतलेली वीज तीच, आणि वाटेत सांडलेली दीडपटीहून अधिक. कारण नुकसान प्रवाहाच्या वर्गाने वाढते. ७० चा वर्ग जेवढे घालवतो तेवढे २५ चा वर्ग वाचवू शकत नाही.

हे सर्व खुंटी जागेवर असतानाचे. आता खुंटी उपटली गेली तर काय?

आमच्या गल्लीत ती एका संध्याकाळी उपटली गेली. दुसऱ्या खांबावर न्यूट्रलचे दोन तुकडे एका क्लॅम्पने जोडलेले होते. ॲल्युमिनियमच्या तारेवर हवेत एक कठीण थर चढतो, आणि तो वीज नेत नाही. बोल्ट जरा सैल पडला की जोड तापतो, तापला की थर वाढतो, थर वाढला की आणखी तापतो. ४० अँपियर त्यातून रोज संध्याकाळी जात होते, हे आपण पाहिलेच. समतोल गल्लीत तोच सैल जोड कदाचित वर्षानुवर्षे निभावला असता. येथे तो जळून सुटला.

त्या क्षणी टोकाचे कडे मोकळे झाले आणि तीन गड्यांच्या जोरानुसार आपोआप नव्या जागी जाऊन बसले. हिशेब केला तर ते मूळ जागेपासून सुमारे ७० व्होल्ट सरकते. लाल फेजच्या घरांत १७५ व्होल्ट उरतात, पिवळीच्या घरांत २६३ होतात आणि निळीच्या घरांत २९७. शिंप्याचा दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला, आणि त्याच वेळी समोरच्या ओळीतले दिवे डोळे दिपतील असे पेटले. पाहणाऱ्यांना वाटले की वीज एका बाजूची ओढून दुसरीकडे गेली.

पुढचे वाईट आहे. निळ्या फेजवरील दिवे एकेक करून उडू लागले. घाबरून लोक उरलेलीही उपकरणे बंद करू लागले. बंद करणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया होय, पण तिने निळा गडी आणखी दुबळा होतो. २५ अँपियरच्या जागी ५ अँपियरइतकाच भार उरला तेव्हा निळ्या फेजवरील दाब ३४९ व्होल्टांच्या घरात गेला असला पाहिजे. जे घर शेवटपर्यंत जोडलेले राहते त्याला सर्वांत अधिक दाब सोसावा लागतो. अशा घरातील मालकाने काहीही चुकीचे केलेले नसते. त्या रात्री पाच-सहा घरांतले रेडिओ, दोन दूरदर्शन संच आणि एक शीतकपाट गेले. भरपाई कोणी द्यावी यावर पुढे पुष्कळ पत्रव्यवहार झाला. तो येथे सांगण्यासारखा नाही.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की फ्यूज का उडाले नाहीत. कारण फ्यूज प्रवाह पाहतो, दाब पाहत नाही. दाब २४० वरून २९७ झाला तेव्हा निळ्या फेजचा प्रवाह २५ वरून सुमारे ३१ अँपियर झाला. एवढ्याने कोणताही फ्यूज वितळत नाही. लाल फेजचा प्रवाह तर उलट कमी झाला. ट्रान्सफॉर्मरपाशी उभ्या असलेल्या माणसाला सर्व काही शांत दिसत होते. दाब प्रत्येक फेजवर २४०, प्रवाह बेताचे.

दुसरा प्रश्न नेहमी अर्थिंगचा असतो. न्यूट्रल तर जमिनीशी जोडलेली आहे, मग ती तुटली तरी जमीन तिचे काम का करीत नाही? थोडे करते, फार नाही. ट्रान्सफॉर्मरपाशी एक आणि गल्लीच्या टोकाशी एक, असे दोन भूसंपर्क असून प्रत्येकाचा रोध ५ ओहम आहे असे धरा. जमिनीतून परतीचा मार्ग १० ओहमचा झाला. तारेचा मार्ग ०.४२ ओहमचा होता. या दहा ओहमांतून जेमतेम ६ अँपियर जातात आणि कड्याचे सरकणे ७० वरून ६० व्होल्टांवर येते. निळीचे २९७ होते ते २८८ होतात. अर्थिंगचे काम वेगळे आहे. परतीची तार म्हणून तिच्यावर विसंबू नये.

आणखी एक धोका. तुटलेल्या न्यूट्रलचे घरांकडील टोक आता जमिनीच्या मानाने साठ-सत्तर व्होल्टांवर असते. एखाद्या शाखेत एकच फेज असेल, तर त्या शाखेची न्यूट्रल तुटल्यावर तिच्या टोकावर दिव्यांच्या तारेतून जवळजवळ पूर्ण २४० व्होल्ट येतात. दिवे विझलेले, म्हणून वीज नाही असे समजून ती काळी तार हातात घेणारा माणूस मरू शकतो. ज्या घरांत अर्थिंगची तार न घालता उपकरणाचे लोखंडी आवरण न्यूट्रललाच बांधलेले असते, तेथे हाच दाब आवरणावर येतो. नियमांनी न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटे बटण घालण्यास मनाई केली आहे, तिचे कारण हेच होय. फेजचा फ्यूज उडाला तर घर अंधारात जाते. न्यूट्रलचा उडाला तर घर अंधारातही जाते आणि जिवंतही राहते.

दोष कसा ओळखावा? एकाच गल्लीत काही घरे मंद आणि काही प्रखर असतील, आणि शेजाऱ्याने मोठे उपकरण लावले की आपला दिवा उजळत असेल, तर न्यूट्रलचा संशय घ्यावा. मग टोकाच्या खांबाशी दोन प्रकारचे माप घ्यावे. फेज-फेजमधले तिन्ही दाब जवळपास सारखे व नेहमीसारखे असतील, पण फेज-न्यूट्रलमधले तिन्ही वेगवेगळे असतील, तर गडी आपापल्या जागी आहेत आणि कडेच हलले आहे, हे सिद्ध झाले. तेथून ट्रान्सफॉर्मरकडे एकेक खांब मागे येत मोजावे. ज्या दोन खांबांमध्ये आकडे एकदम सावरतात, त्यांच्यामध्ये दोष असतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मात्र पुरवठा बंद करून घ्यावा. घरातील माणसाने अशा वेळी दिवे एकेक करून विझवीत बसू नये, मुख्य बटणच बंद करावे.

त्या घटनेनंतर आम्ही गल्लीचा भार वाटण्यास बसलो, आणि पहिला प्रयत्न फसला. घरे मोजून सारखी वाटली होती. जवळच्या खांबांवरील सारी घरे लालवर, मधली पिवळीवर, शेवटची निळीवर, म्हणजे नोंद ठेवणे सोपे. ट्रान्सफॉर्मरपाशी टाँग-टेस्टर लावला तर तिन्हींवर साधारण ४५ आणि न्यूट्रल रिकामी. आम्ही खूश. पण शेवटच्या शंभर मीटरांत फक्त निळीचे ४५ अँपियर जात होते आणि तेवढेच न्यूट्रलमधून परत येत होते. मधल्या भागातही न्यूट्रलवर ४५ च होते, कारण तेथे पिवळी व निळी या दोघीच होत्या. शिलक शून्य दिसत होती ती केवळ आरंभाच्या भागात. मोजमाप एका जागी बरोबर आले म्हणजे सगळी तार निश्चिंत झाली, असे नसते.

म्हणून दुसऱ्या वेळी प्रत्येक खांबावरच घरे तीन फेजांत वाटली, आणि सुरुवात टोकाकडून केली. घरांची संख्या सोडून संध्याकाळचा प्रत्यक्ष प्रवाह धरला. तेव्हा ४८, ४५ आणि ४२ असे भार आले व न्यूट्रलमध्ये पाच अँपियर उरले. सकाळी पुन्हा मोजले तर २०, ३८ आणि १७! पाणी चढवणारे पंप नकळत पिवळीवर एकत्र आले होते, आणि न्यूट्रलमध्ये वीस अँपियर होते. त्यांतले काही हलवले, सगळे हलवले नाहीत. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा समतोल साधेल अशी वाटणी नसते. जास्त भाराची वेळ धरावी आणि उरलेली शिलक वाहील एवढी न्यूट्रल जाड ठेवावी.

ती जाड ठेवण्याचे एक नवे कारण अलीकडे निघाले आहे. आजचे एल.ई.डी. दिवे, दूरदर्शन संच, संगणक हे प्रवाह सलग न घेता झटक्याझटक्याने घेतात. त्यामुळे मूळ लयीबरोबर तिच्या तिप्पट वेगाची एक लय प्रवाहात मिसळते. ही तिप्पट लय तिन्ही फेजांत एकाच क्षणी चढते व एकाच क्षणी उतरते. तिघेही गडी एकाच दिशेला ओढू लागतात म्हणा ना. म्हणून ती न्यूट्रलमध्ये मिटत नाही, तिची बेरीज होते. प्रत्येक फेजवर तिचे १० अँपियर असले तर न्यूट्रलमध्ये ३० येतात, तिन्ही फेजा कितीही समान वाटलेल्या असल्या तरी. अशा गल्लीत घरे इकडची तिकडे करून काही साधत नाही. तेथे खारीच्या जागी निदान वीझल तरी घातली पाहिजे, आणि दुकानांची गर्दी असेल तर त्याहूनही जाड.